तबकात न वाजलेला रुपया: किस्सा सांगताना नेमका तपशील कुठे आणि किती

हळदीची रात्र, निरोप समारंभ, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा. सांगली-मिरजेकडं अशा प्रत्येक कार्यक्रमात कुणाच्या तरी हातात माइक येतो आणि घरातल्या एखाद्या माणसाचा किस्सा सुरू होतो. किस्सा खरा असतो, माणूसही मोठा मजेशीर असतो, तरी बऱ्याचदा समोरची मंडळी सौजन्यानं हसतात आणि पुढं काय म्हणून बघतात. अशा लोकांचे किस्से मी नेहमी बसून दुरुस्त करून देतो. दुखणं बहुतेक वेळा एकाच जागी सापडतं: जिथं आकडा हवा तिथं ‘थोडंसं’ असतं, जिथं वस्तू हवी तिथं ‘काहीतरी’ असतं.

या लेखात एकच किस्सा घेऊन तो पायरीपायरीनं कसा घडवायचा ते दाखवतो. किस्सा लेखासाठी रचलेला आहे, पण त्याचं मूळ रूप तुम्ही कुठल्या ना कुठल्या कार्यालयात ऐकलं असेल:

‘आमचे मामा इतके कंजूष आहेत की काही विचारू नका. ताईच्या लग्नात त्यांनी अगदी किरकोळ आहेर केला. वर असं काही केलं की आम्ही सगळे हसून हसून लोळलो.’

आधी विशेषण खोडा

पहिलं काम म्हणजे ‘कंजूष’ हा शब्द काढून टाकणं. विनोद जे सिद्ध करणार आहे, तेच तो शब्द आधी सांगून टाकतो. ऐकणाऱ्याला स्वतः शोधायला काही उरत नाही. हसू येतं ते शोध लागल्याच्या क्षणी, आणि तो शोध त्याचा त्याला लागावा लागतो. ‘मामा कंजूष आहेत’ हा निकाल झाला. निकाल ऐकून कुणी हसत नाही, पुरावा बघून हसतं.

‘हसून हसून लोळलो’ हेही जाऊ दे. तुम्ही किती हसलात त्याच्याशी समोरच्याचा संबंध नसतो. उलट, आता मलाही तितकंच हसावं लागणार असं दडपण त्याच्यावर येतं.

एवढं खोडल्यावर हातात जवळजवळ काहीच राहत नाही, आणि ते बरंच आहे. आता किस्सा सांगणाऱ्याला समोर बसवून उलटतपासणी घ्यायची. किरकोळ म्हणजे किती? पाकिटात दिला की हातात? पाकीट कसलं होतं? ते कुणी फोडलं, कधी? मामा त्या दिवशी आणखी कुठं पैसे देताना दिसले? उत्तरं कागदावर उतरून घ्या, निवड नंतर करू. या टप्प्यावर माणूस ‘त्यात काय सांगण्यासारखं’ म्हणत जे सहज बोलून जातो, त्यातच बहुतेक वेळा खरा माल असतो.

आपल्या मामांच्या बाबतीत तपासणीतून हे निघालं असं धरू. पाकिटात १०० ची नोट होती. पाकीट दुकानात मिळतं तसं, वर रुपया चिकटवलेलं होतं. मामांनी तो रुपया सोडवून घेतला होता. लग्न लागल्यावर मुलीचे मामा म्हणून त्यांना ओवाळलं, तेव्हा तोच रुपया त्यांनी तबकात टाकला. याशिवाय ते बुलेटवरून आले होते, जिलेबी दोनदा घेतली होती, आणि कार्यालयाच्या मॅनेजरशी पार्किंगवरून हुज्जत घातली होती.

आकडा: कुणीतरी मोजलेलं असलं पाहिजे

‘किरकोळ’च्या जागी आकडा घालायचा, पण कुठला? माइक हातात आला की पहिला मोह होतो तो आकडा ताणण्याचा: ‘मामांनी १० रुपयांचा आहेर केला!’ इथं किस्सा पडतो. सख्खा मामा १० रुपये देत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. ऐकणाऱ्याच्या मनात ‘हा रचून सांगतोय’ अशी नोंद होते आणि तिथून पुढं तो एकेक वाक्य तपासून घेऊ लागतो.

आकडा हसवतो तो रीतीच्या शेजारी उभा राहिल्यावर. आहेराची आपली रीत ५१, १०१, ५०१ अशी आहे. वरचा एक रुपया शकुनाचा, आणि पाकिटावर चिकटवून मिळतो तोही त्यासाठीच. त्यामुळं १०१ म्हटलं तर कुणाचं लक्ष जात नाही. नुसते १०० म्हटलं की जो लग्नाकार्यात वावरलाय त्याच्या डोक्यात बारीकसं खटकतं: वरचा एक कुठं गेला? रीतीपासून पाऊलभरच ढळलेला आकडा मैलभर ढळलेल्या आकड्यापेक्षा जास्त काम करतो. तो खरा वाटतो, आणि त्याच्यामागं एका माणसानं डोकं लावून घेतलेला निर्णय दिसतो.

म्हणून नेमका आकडा निवडताना मी एकच प्रश्न विचारतो: हे कुणी मोजलं आणि का मोजलं? उत्तरातून माणूस दिसला तर आकडा ठेवायचा. तासगावकडचं उदाहरण घ्या. बेदाण्याचा मोठा व्यापारी, त्याच्या घरचं जेवण, आणि किस्सा सांगणारा म्हणतो, ‘खिरीत बेदाणे फारच कमी होते.’ हे गाऱ्हाणं झालं. आता हे ऐका: ‘ज्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाण्याच्या पेट्या छताला लागल्यात, त्याच्या पंगतीत ४० पानांना मिळून बेदाणे निघाले ३.’ यातला ३ दुहेरी काम करतो. यजमानाचा हात किती आखडता आहे ते तर कळतंच. शिवाय पंगतीत बसलेला कुणीतरी आपलं पान सोडून ४० पानांत डोकावून मोजत होता, हेही कळतं. मोजणारा माणूस आपसूकच किस्स्यात येऊन बसतो, त्याचं वर्णन करावं लागत नाही.

आकड्यांच्या बाबतीत मराठीत एक खड्डा आहे. ‘सतराशे साठ भानगडी’, ‘छप्पन्न वेळा सांगितलं’, ‘बारा गावचं पाणी’ हे सगळे आकडेच दिसतात, पण बोलण्यात इतके घासले गेलेत की कानाला ते ‘पुष्कळ’ म्हणूनच ऐकू येतात. त्यांच्यामागं मोजणी नाही. ‘छप्पन्न वेळा’ म्हणालात की तपशील दिल्याचं पुण्य लागत नाही. खरोखर ५६ च असतील तर ५४ किंवा ५७ म्हणणं बरं, कान लगेच टवकारतो.

आकड्याचा उच्चारही बघा. माइकवरून ‘एकोणऐंशी’ म्हटलं की ऐकणाऱ्याला क्षणभर हिशोब मांडावा लागतो: ऐंशीला एक कमी. तेवढ्यात पुढचं वाक्य निघून जातं. ‘सदुसष्ट’ आणि ‘अडुसष्ट’ लाउडस्पीकरवर सारखेच ऐकू येतात. हसू ज्या आकड्यावर उभं आहे तो एका झटक्यात कळणारा हवा: सात, सतरा, तेवीस. ‘पावणेचार’ आणि ‘साडेसतरा’ यांतही मोठी ताकद आहे, कारण पाव आणि अर्ध्याच्या हिशोबापर्यंत उतरणारा माणूस ऐकताक्षणी डोळ्यांसमोर येतो.

आणि रीत समोरच्याला माहीत हवी. पावसाळ्यात सांगलीत ‘आयर्विनला पाणी किती?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४५ फूट म्हणजे धोका पातळी हे इथल्या शाळकरी पोराला पाठ असतं. त्यामुळं सांगलीत नुसतं ‘४० फूट’ म्हटलं तरी घराघरातली धावपळ उभी राहते. पुण्याच्या श्रोत्यांना तो निव्वळ आकडा आहे. त्यांच्यासाठी किस्स्याच्या आधी, हसू येण्याच्या जागेपासून चांगलं लांब, एका साध्या वाक्यात रीत सांगून टाका. आकड्यानंतर लगेच खुलासा केलात तर तो आकडा गेलाच.

वस्तू: कृती सांगू नका, तिची खूण दाखवा

आता मामांचा रुपया. सरळ सांगायचं तर: ‘मामांनी पाकिटावरचा रुपया काढून घेतला.’ वाईट नाही, तपशील नेमका आहे. पण यात सगळं सांगून झालं, ऐकणाऱ्यासाठी काम शिल्लक नाही. आता असं बघा: ‘पाकिटावर रुपयाच्या जागी गोंदाचा गोल डाग होता.’ रुपया कुणी काढला हे वाक्य सांगतच नाही. पण डाग ऐकल्याबरोबर ऐकणाऱ्याला मामा दिसतात. पलंगाच्या कडेला बसलेत, कागद फाटू नये म्हणून नखानं रुपया हलकेच उचकटतायत. हे चित्र त्यानं स्वतः काढलंय, म्हणून ते त्याला तुमच्या वर्णनापेक्षा जास्त खरं वाटतं.

विचित्र छोटी वस्तू हसवते ती या कारणानं. ती एखाद्या कृतीची उरलेली खूण असते आणि तिच्यावरून अख्खी कृती मागं जाऊन रचता येते. १७९० मध्ये इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञानं हसण्याची फोड अशी केली होती की ताणून धरलेली अपेक्षा अचानक विरून शून्य होते आणि आपण हसतो. कार्यालय, ओवाळणी, आहेर यांनी अपेक्षा चढत जाते आणि हाती येतो तो गोंदाचा डाग. ‘काहीतरी विचित्र केलं’ या शब्दांनी अपेक्षा बांधलीच जात नाही, मग विरायचं काय?

विचित्र वस्तू म्हणजे कुठलीही वस्तू नव्हे. पाकिटात रबरी बदक निघालं म्हणाल तर चमत्कारिक वाटेल, हसू येणार नाही. कारण बदक त्या लग्नातलं नाही. वस्तू त्याच जागची हवी, तिथं असू शकेल अशी हवी, फक्त नको त्या अवस्थेत किंवा नको त्या ठिकाणी. गोंदाचा डाग प्रत्येक पाकिटावर असतोच, एरवी तो रुपयाखाली झाकलेला असतो. तुमची वस्तू बरोबर आहे का हे बघायचं असेल तर सगळ्या किस्स्यात ती दुसऱ्या कुठल्याही गमतीदार वस्तूनं बदलून बघा. किस्सा तसाच चालत राहिला तर निवड चुकली आहे.

आपल्या तपासणीत आणखी एक सोन्यासारखी गोष्ट आहे: तोच रुपया तबकात पडला. गोंद लागलेला रुपया धातूच्या तबकात पडला तर काय होईल? खणकणार नाही. चिकटेल. ही खूण दिसणारी नाही, ऐकू येणारी आहे, आणि ती आधी पेरता येते. ऐकणाऱ्याला तिचा अर्थ लागायच्या आधीच.

पेरणी आणि शेवटचा शब्द

घटना घडल्या त्या क्रमानं सांगितल्या तर रुपया आधी निघतो, मग पाकीट, मग तबक. तसं सांगितलं की तबकापर्यंत येईतो ऐकणाऱ्याला सगळं ठाऊक झालेलं असतं. म्हणून क्रम फिरवा: आधी न वाजलेला रुपया, शेवटी गोंदाचा डाग. दोन्हींमधला धागा तुम्ही अजिबात सांगायचा नाही.

इथं मराठी वाक्याची घडण आडवी येते. आपलं क्रियापद शेवटी बसतं. ‘मामांच्या पाकिटावर रुपयाच्या जागी गोंदाचा गोल डाग राहिलेला होता असं आमच्या लक्षात आलं.’ यात हसू ‘गोल’पाशी सुटायला हवं, पण त्यानंतर ‘डाग राहिलेला होता असं आमच्या लक्षात आलं’ एवढी शेपटी ओढायची असते. लोक हसायला लागतात तेव्हा तुम्ही अजून बोलत असता. मग ते थांबतात, आणि थांबलेलं हसू पुन्हा तेवढ्या जोरात येत नाही.

यावर बोलीत तयार उपाय आहेत. पहिला, क्रियापद गाळून टाकायचं: ‘आणि रुपयाच्या जागी नुसता गोंदाचा गोल.’ दुसरा, क्रियापद पुढं आणायचं: ‘पंगतीत बेदाणे निघाले ३.’ तिसरा माझा सर्वांत आवडता, आपल्या बाया-बापड्या रोज वापरतात तो ‘काय, तर’: ‘पाणी ४० फुटांवर गेल्याची बातमी आली तसं शेजारच्या काकूंनी माळ्यावर आधी चढवलं काय, तर लोणच्याची बरणी. टीव्ही खालीच.’ ‘काय’नंतर अर्धा श्वास थांबलं की अपेक्षा ताणली जाते, आणि वस्तू वाक्याच्या टोकाला एकटी उभी राहते.

पेरलेल्या तपशिलाला मात्र टोक द्यायचं नाही. ‘रुपया वाजला नाही’ हे वाक्य जिलेबीच्या वाक्याइतकंच सपाट आवाजात जायला हवं. त्याच्यावर जोर दिलात की ऐकणारा तिथंच थांबून कोडं सोडवायला लागतो.

बाकी सगळं साधं

नेमकेपणाची चटक लागली की माणूस सगळंच नेमकं करायला जातो: ‘सकाळी ९ वाजून ४७ मिनिटांनी विश्रामबागेतून निळ्या स्वेटरमध्ये मामा बुलेटवर निघाले…’ नेमका तपशील ऐकला की समोरचा तो सांभाळून ठेवतो, पुढं उपयोगी पडेल म्हणून. ९ वाजून ४७, विश्रामबाग, निळा स्वेटर, बुलेट: चार वस्तू त्यानं धरून ठेवल्या आणि एकीचाही उपयोग झाला नाही. पुढं रुपया आला तेव्हा त्याचे हात भरलेले होते.

म्हणून छाटणी. एकेक तपशील काढून किस्सा मोठ्यानं म्हणून बघा, आणि हसू आहे तिथंच राहिलं तर तो तपशील गेला. बुलेट गेली, पार्किंगची हुज्जत गेली. जिलेबी मला ठेवावीशी वाटत होती, ती स्वतंत्रपणे मजेशीर आहे, पण ती खादाडपणाबद्दल बोलते आणि हा किस्सा रुपयाबद्दल आहे. तीही गेली. ‘मिरज’ ठेवली, कारण किस्सा कुठंतरी घडावा लागतो आणि एक शब्द ओझं होत नाही. उरलं ते असं:

‘ताईचं लग्न होतं मिरजेला. लग्न लागलं, मामांना ओवाळलं. मामांनी तबकात रुपया टाकला. रुपया काही वाजला नाही. रात्री आम्ही पाकिटं फोडायला बसलो. मामांच्या पाकिटात १०० ची नोट. आणि वर, रुपयाच्या जागी, नुसता गोंदाचा गोल.’

यात कुणाला नाव ठेवलेलं नाही, एकही विशेषण मामांना लावलेलं नाही. नेमके तपशील तीनच, आणि तिघंही एकाच रुपयाबद्दल बोलतात.

ऐकवून बघताना

किस्सा माइकवर नेण्याआधी तुमच्या मामांना न ओळखणाऱ्या दोघा-तिघांना वेगवेगळं गाठून ऐकवा. घरच्यांवर चाचणी करू नका. ते मामांना ओळखतात, आणि ‘मामा’ म्हटल्याबरोबरच हसायला लागतात. किस्सा चालतोय की मामा, हे त्यातून कळत नाही.

हसू किती मोठं आलं यापेक्षा कुठं आलं ते बघा. ‘गोल’ म्हटल्यावर क्षणभर शांतता आणि मग हसू आलं तर सगळं जुळलंय. त्या क्षणात समोरचा तबकापर्यंत मागं जाऊन आलेला असतो. त्या शांततेला घाबरून ‘म्हणजे तोच रुपया हो!’ असं जोडू नका. ऐकणारा ‘वाजला नाही’पाशीच हसला तर तुमचा आवाज तिथं चढतोय. शेवटी ‘मग?’ असं विचारलं तर पेरणी पोचली नाही. बहुधा तबक आणि पाकीट यांच्यात तुम्ही खूप काही भरलंय, किंवा रुपया चिकटवलेली पाकिटं त्याच्या पाहण्यात नाहीत. अशा वेळी सुरुवातीलाच एक वाक्य वाढवा: ‘आहेराला आपण रुपया चिकटवलेलं पाकीट आणतो.’ आणि ऐकणाऱ्यानं आपणहून स्वतःच्या काकांचा किंवा आत्याचा असाच एखादा प्रकार सांगायला सुरुवात केली तर किस्सा माइकवर न्यायला हरकत नाही.

एका बाबतीत मात्र नेमकेपणा आवरा. तपशील जितका नेमका, तितका माणूस ओळखू येतो. भरल्या कार्यालयात खऱ्या मामांचा खरा रुपया सांगितलात तर मामा तिथंच तिसऱ्या रांगेत बसलेले असतात. त्यांना आधी विचारा. नाहीतर लग्न, गाव, नातं बदला आणि गोंद तेवढा तसाच ठेवा. विनोदाचं बळ रुपयात आहे, तो कुणाचा होता यात नाही. पुराच्या किस्श्यांचंही असंच. काकूंच्या बरणीवर आपल्याकडं मनापासून हसतात, कारण काकू आणि बरणी दोघीही सुखरूप आहेत. पण २०१९ च्या महापुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांच्यासमोर फुटांचा आकडा उच्चारला की त्यांना त्यांची भिंत आठवते. समोर कोण बसलंय हे ठाऊक नसेल तर पाण्याचा किस्सा त्या दिवशी सांगू नका.

कागदावर लिहून ठेवायचं असेल तर अख्खा किस्सा लिहू नका, पाठांतराचा सूर लागतो. तीन शब्द पुरतात: वाजला नाही, १००, गोल. मधली साधी वाक्यं दर वेळी नव्यानं, आपल्या बोलीत येऊ द्या. हे तीन मात्र शब्दशः तेच आणि त्याच क्रमानं.